मोफत देखभालीची किंमत

एका एक्स-रे यंत्राच्या कोटेशनपासून सुरुवात करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण मांडणी या धंद्यातल्या कोणालाही ओळखीची वाटेल. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयाला डिजिटल एक्स-रे यंत्र हवे आहे. पुरवठादार कंपनी लिहून देते: यंत्र ३६ लाख रुपये, इन्स्टॉलेशन आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण मोफत, एक वर्षाची वॉरंटी, आणि वॉरंटी संपल्यावर तीन वर्षांची सीएमसी, म्हणजे सुटे भाग धरून संपूर्ण देखभाल, तीही मोफत. जीएसटी वेगळा. जानेवारीत ऑर्डर येते, महिनाअखेर यंत्र बसून चालू होते, रुग्णालय सगळे पैसे चुकते करते. दोन महिन्यांनी, ३१ मार्चला, कंपनीचे वर्ष संपते. या वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात या व्यवहाराचा महसूल किती धरायचा, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

विक्री विभागाचे उत्तर तयार असते. बिल ३६ लाखांचे, पैसे आले, यंत्र गेले, तेव्हा महसूल ३६ लाख. पण पुढची चार वर्षे कंपनीचा इंजिनिअर नाशिकला जात राहणार आहे. डिटेक्टर बिघडला तर कंपनी तो पदरचा बदलून देणार आहे. त्या वर्षांत खर्च पडेल आणि समोर महसुलाचा रुपयाही नसेल. रुग्णालयाच्या खरेदी अधिकाऱ्याला विचारले तर तो सरळ सांगेल की तीन वर्षांची सीएमसी नसती तर या यंत्राला ३६ लाख दिलेच नसते. म्हणजे त्याने देखभालीचे पैसे दिलेले आहेत. कोटेशनमध्ये ते यंत्राच्या ओळीत लिहिले गेले, एवढेच.

भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेले इंड एएस ११५ हे लेखा मानक इथे हस्तक्षेप करते. आंतरराष्ट्रीय आयएफआरएस १५ वर ते बेतलेले आहे आणि त्याने आधीची इंड एएस १८ आणि इंड एएस ११ ही दोन मानके बाजूला सारली. सूचिबद्ध कंपन्यांना आणि २५० कोटी किंवा अधिक नक्त मालमत्तेच्या इतर कंपन्यांना ते पाळावे लागते. बाकीच्या अजून जुन्या एएस ९ वर चालतात आणि त्यात अशा गाठोड्याची किंमत कशी वाटायची याची स्पष्ट रीत नाही. नव्या मानकाचे म्हणणे थोडक्यात असे: करारात ग्राहकाला दिलेली वेगवेगळी वचने ओळखा, कराराची एकूण किंमत ठरवा, आणि प्रत्येक गोष्ट वेगळी विकली असती तर काय किंमत आली असती त्या प्रमाणात ती एकूण किंमत वचनांवर वाटा. मग ज्या वचनाची पूर्तता होईल त्याचा वाटा महसुलात घ्या. वेगळ्या विक्रीच्या या किमतीला मी पुढे सुटी किंमत म्हणेन.

आधी वचने मोजू. यंत्र हे एक. इन्स्टॉलेशन आणि प्रशिक्षण हे दुसरे, कारण कंपनीने मान्यता दिलेल्या बाहेरच्या एजन्सीही हे यंत्र बसवून देतात, आणि बसवताना यंत्राचे रूप बदलत नाही. सीएमसी हे तिसरे. एका वर्षाची वॉरंटी मात्र या मोजणीत येत नाही. विकलेले यंत्र ठरल्याप्रमाणे चालेल एवढीच तिची हमी आहे. ती प्रत्येक यंत्राबरोबर जाते आणि वेगळी विकत मिळत नाही. तिच्या अपेक्षित खर्चाची तरतूद करायची, महसुलाचा वाटा द्यायचा नाही. इथे पाय घसरण्याची एक जागा आहे. त्या वर्षात कंपनी दर तीन महिन्यांनी नियमित तपासणी आणि कॅलिब्रेशन करून देणार असेल, तर तेवढा भाग हमीच्या पलीकडची सेवा ठरू शकतो आणि त्याला स्वतंत्र वाटा द्यावा लागतो. वॉरंटीचे कलम वाचल्याशिवाय वचनांची मोजणी पुरी होत नाही, आणि ते कलम बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते.

आता वाटणी. समजा यंत्राची सुटी किंमत ३२ लाख, इन्स्टॉलेशन-प्रशिक्षणाची १ लाख, तीन वर्षांच्या सीएमसीची ७ लाख. बेरीज ४० लाख. करार ३६ लाखांचा, म्हणजे ग्राहकाला एकूण १० टक्के सवलत मिळाली. ही सवलत तिघांवर सारख्या प्रमाणात पडते. यंत्राला २८.८० लाख, इन्स्टॉलेशनला ९० हजार, सीएमसीला ६.३० लाख. ३१ मार्चपर्यंत यंत्राचा ताबा गेला आणि इन्स्टॉलेशन झाले, म्हणून या वर्षाचा महसूल २९.७० लाख. उरलेले ६.३० लाख पैसे हातात असूनही महसूल नाहीत. ते करारापोटीचे देणे म्हणून ताळेबंदात बसतात. फेब्रुवारीपासून वॉरंटीचे वर्ष चालू होते, त्या बारा महिन्यांत हे देणे हलतही नाही. त्यानंतर छत्तीस महिने दरमहा १७,५०० रुपये महसुलात येतात. त्यामुळे दुसऱ्या आर्थिक वर्षात या करारातून फक्त फेब्रुवारी-मार्चचे ३५,००० येतील, पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी २.१० लाख, आणि शेवटच्या वर्षात दहा महिन्यांचे १.७५ लाख. विक्री विभागाच्या हिशेबात आणि या हिशेबात पहिल्या वर्षी ६.३० लाखांचे अंतर पडले. अशी शंभर यंत्रे विकणाऱ्या कंपनीत ते सव्वासहा कोटींच्या वर जाते.

आणखी एक शंका रास्त आहे. सीएमसीचे पैसे एक ते चार वर्षे आधीच मिळाले, मग त्यात ग्राहकाने कंपनीला दिलेले कर्ज दडलेले नाही का? मानक हा प्रश्न विचारायला लावते आणि त्याचे महत्त्व संपूर्ण कराराच्या तुलनेत तोलायला सांगते. उत्तर व्याजदरावर आणि रकमेवर अवलंबून आहे. प्रश्न विचारून उत्तर फाइलीत लिहून ठेवले पाहिजे, एवढे इथे पुरे.

त्रैराशिक शाळेतले आहे. खरे काम ३२, १ आणि ७ हे तीन आकडे आणण्याचे आहे, आणि या पुस्तकाची बहुतेक पाने त्यातच खर्ची पडली आहेत. मानकाच्या मते सुट्या किमतीचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे तीच गोष्ट तशाच परिस्थितीत तशाच ग्राहकाला प्रत्यक्ष वेगळी विकली गेल्याची नोंद. किंमतपत्रकातला किंवा करारात लिहिलेला आकडा सुटी किंमत असू शकतो, पण तो तसाच आहे असे गृहीत धरता येत नाही. आपल्या उदाहरणात करारात लिहिलेला आकडा शून्य आहे, आणि शून्याला सीएमसी वेगळी कोणी विकत नाही.

मग सीएमसीचे ७ लाख कुठून आले? ज्या रुग्णालयांची मूळ देखभालीची मुदत संपली आणि ज्यांनी पैसे मोजून ती वाढवून घेतली, त्यांच्या बिलांवरून. हा पुरावा उत्तम, पण तो जसाच्या तसा उचलला तर फसवतो. पहिली गोष्ट, एक्स-रे ट्यूब. ट्यूब वापराने झिजते आणि महाग असते. म्हणून काही रुग्णालये ट्यूब धरून सीएमसी घेतात, काही ट्यूब वगळून. दोन्हींच्या किमतींत मोठा फरक असतो आणि बिलावर दोन्हींना नाव एकच. आपल्या नाशिकच्या करारात ट्यूब आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय सरासरी काढणे व्यर्थ. दुसरी गोष्ट, यंत्राचे वय. मुदतवाढ घेणारे यंत्र पाच-सहा वर्षांचे असते. आपल्याला किंमत हवी आहे दुसऱ्या ते चौथ्या वर्षाची, जेव्हा बिघाड कमी असतात. तिसरी, अंतर. गडचिरोलीच्या रुग्णालयात इंजिनिअर पोचवण्याचा खर्च नाशिकच्या खर्चाइतका नसतो. म्हणून बिलांचे आधी गट पाडायचे: ट्यूबसह आणि ट्यूबविना, खासगी आणि सरकारी, जवळचे आणि दूरचे. मग प्रत्येक गटात किमती कुठे दाटतात ते पाहायचे. बऱ्याच कंपन्या मध्यकाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक टक्क्यांचा पट्टा धरतात, बहुतांश विक्री त्या पट्ट्यात बसते का ते तपासतात, आणि बसत असेल तर पट्ट्याला सुटी किंमत मानतात. हा व्यवहारातून आलेला रिवाज आहे. मानकात पट्ट्याची रुंदी कुठे लिहिलेली नाही. पण पट्टा इतका रुंद केला की त्यात काहीही बसावे, तर तो पुरावा राहत नाही.

इन्स्टॉलेशन कंपनी वेगळे क्वचितच विकते. तिथे खर्चावरून जावे लागते: इंजिनिअरचे दिवस, प्रवास-मुक्काम, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार लागणारी गुणवत्ता चाचणी, प्रशिक्षणाचे तास, आणि या सगळ्यावर बाजारात अशा कामाला मिळेल असा नफा. त्यातला नफ्याचा टक्का कंपनीच्या एकूण नफ्याच्या टक्क्यावरून उचलायचा नसतो. यंत्र विकणाऱ्याचा नफा आणि यंत्र बसवणाऱ्या एजन्सीचा नफा सारखा नसतो. एजन्सीचे दर मागवले तर तुलनेला आधार मिळतो.

यंत्राच्या किमतीत मात्र विक्री विभागाचा स्वभाव उतरलेला असतो. तेच यंत्र एका धर्मादाय रुग्णालयाला २७ लाखांना जाते, दुसऱ्या खासगी साखळीला ३४ लाखांना. मग कोणी तरी सुचवतो: यंत्राची किंमत इतकी हलते, तर आधी सीएमसी आणि इन्स्टॉलेशनची सुटी किंमत वजा करू आणि जे उरेल ते यंत्राचे. ही उरलेल्याची पद्धत मानकाला मान्य आहे, पण तिची दारे अरुंद आहेत. एक तर ती वस्तू वेगवेगळ्या ग्राहकांना इतक्या वेगवेगळ्या किमतींना विकली जात असावी की तिची प्रातिनिधिक किंमत सापडूच नये. नाही तर तिची किंमत अजून ठरलेलीच नसावी आणि ती पूर्वी कधी वेगळी विकलेली नसावी. २७ ते ३४ ही तफावत ग्राहकांचे गट पाडल्यावर बहुधा विरते. गट पाडायचा कंटाळा हे उरलेल्याची पद्धत वापरण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि या पद्धतीने एखाद्या वस्तूच्या वाट्याला शून्य किंवा नाममात्र रक्कम आली, तर आकडा मान्य करण्याआधी पद्धतच तपासावी लागते.

सुट्या किमतीचा अंदाज केवढा भार उचलतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण अ‍ॅपलचे आहे. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा अमेरिकेतले नियम निराळे होते. सॉफ्टवेअर हा महत्त्वाचा भाग असलेल्या विक्रीत, पुढे द्यायच्या गोष्टीची किंमत वेगळ्या प्रत्यक्ष विक्रीवरूनच सिद्ध करावी लागे. अ‍ॅपलने आयफोनला पुढची सॉफ्टवेअर सुधारणा मोफत देण्याचे ठरवले होते, आणि त्या सुधारणेची वेगळी विक्री नव्हती. पुरावा नाही म्हणून किंमत वाटता येईना, आणि वाटता येईना म्हणून फोनचा महसूल २४ महिन्यांवर पसरवला गेला. फोन ग्राहकाच्या खिशात पोचलेला, तरी त्याची बहुतांश किंमत ताळेबंदात देणे म्हणून पडून. आयपॉड टचची मोठी सॉफ्टवेअर सुधारणा २००८ मध्ये ९.९५ डॉलरना विकली गेली, त्यामागेही हेच हिशेबाचे गणित होते.

२००९ मध्ये अमेरिकेच्या लेखा मानक मंडळाने नियम बदलला: प्रत्यक्ष विक्रीचा पुरावा नसेल तर कंपनीने स्वतःचा सर्वोत्तम अंदाज करावा आणि त्या प्रमाणात वाटणी करावी. अ‍ॅपलने तो नियम लवकर स्वीकारला आणि प्रत्येक आयफोनबरोबरच्या सुधारणेच्या हक्काची किंमत २५ डॉलर धरली. फोनचा बाकी सगळा महसूल विक्रीच्या दिवशीच आला. जानेवारी २०१० मध्ये मागच्या वर्षांचे हिशेब नव्याने मांडले गेले तेव्हा सप्टेंबर २००९ अखेरच्या वर्षाचा महसूल सुमारे ३६.५ अब्ज डॉलरवरून ४२.९ अब्ज डॉलरवर गेला. एक फोन जास्त विकला गेला नव्हता. ते २५ डॉलरही कोणी कधी सुटे मोजलेले नव्हते. तो कंपनीचा अंदाज होता. आजच्या मानकांनी अंदाजाची ही मुभा कायम ठेवली आहे, आणि अंदाज करताना दिसणारा पुरावा शक्य तितका वापरावा ही अटही घातली आहे.

नाशिकला परत येऊ. सवलत सगळ्यांवर सारखी पडते, याला एक अपवाद आहे. समजा हीच कंपनी यंत्र, इन्स्टॉलेशन आणि सीएमसी नेहमी वेगवेगळी विकते, शिवाय यंत्र आणि इन्स्टॉलेशन मिळून २९ लाखांना देणे हा तिचा नेहमीचा परिपाठ आहे. दोन्हींची सुटी बेरीज ३३ लाख, म्हणजे त्या जोडीवर ४ लाखांची सवलत. आपल्या करारातली सवलतही नेमकी ४ लाखांचीच आहे. अशा वेळी ही सवलत त्या जोडीचीच, असे म्हणायला दिसणारा पुरावा आहे. मग सीएमसीला पूर्ण ७ लाख जातात आणि २९ लाख यंत्र व इन्स्टॉलेशनमध्ये ३२ ला १ या प्रमाणात वाटले जातात: सुमारे २८.१२ लाख आणि ८८ हजार. पुढे ढकललेला महसूल ७० हजारांनी वाढला. विक्री व्यवस्थापक मात्र उलट बाजूने येतो आणि म्हणतो, सवलत तर आम्ही सीएमसीवरच दिली, कोटेशन पाहा. त्याच्या म्हणण्याला आधार हवा तो नेहमीच्या विक्रीचा. एका कोटेशनची मांडणी तो आधार देत नाही.

किंमत पुढे बदलली तर काय, हा प्रश्न सीएमसीत हमखास येतो, कारण अशा करारांत वर्षातले ९५ टक्के दिवस यंत्र चालू राहील अशी हमी आणि ती मोडल्यास दंड असे कलम असते. हा दंड फक्त देखभालीच्या कामाशी जोडलेला आहे. त्यामुळे त्याचा परिणाम एकट्या सीएमसीच्या वाट्यावर घ्यायचा. तिसऱ्या वर्षी बसलेल्या दंडाची झळ पहिल्या वर्षी विकलेल्या यंत्राच्या महसुलाला लावणे ना व्यवहाराला धरून आहे ना मानकाला. याउलट, पुढच्या वर्षी कंपनीने सीएमसीचे दर वाढवले तर या कराराची वाटणी बदलत नाही. सुटी किंमत कराराच्या सुरुवातीला एकदा ठरते. नवे दर नव्या करारांना.

सरकारी निविदांत गोष्ट थोडी वेगळी दिसते. तिथे पुढच्या पाच वर्षांच्या सीएमसीचे दर आधीच मागवतात आणि ते धरून सर्वांत कमी बोली ठरवतात, पण प्रत्यक्ष करार दर वर्षी करायचा की नाही हे रुग्णालय पुढे ठरवते. असे असेल तर सीएमसी हे आजचे वचन नाही, ग्राहकाच्या हातातला पर्याय आहे. तो पर्याय नेहमीच्या दरापेक्षा लक्षणीय स्वस्त असेल तरच त्याला आजच्या किमतीतून वाटा द्यायचा. निविदेची कागदपत्रे नीट न वाचता सगळ्या सरकारी करारांना खासगी करारांचे सूत्र लावलेले मी पाहिले आहे, आणि त्याच्या उलटही.

वाटणी चुकली आहे हे बाहेरून कसे ओळखावे? माझी पहिली नजर सेवा विभागाच्या नफ्यावर जाते. विक्री विभाग भरघोस नफ्यात, सेवा विभाग वर्षानुवर्षे तोट्यात, आणि तरीही मुदतवाढीची सीएमसी चांगल्या भावाने विकली जाते, असे चित्र असेल तर मोफत सीएमसीला वाटा मिळालेला नाही, असे समजायला हरकत नाही. दुसरी खूण ताळेबंदात असते: बसवलेल्या यंत्रांची संख्या वाढते आहे, पण करारापोटीचे देणे जागचे हलत नाही. तिसरी तपासणी सोपी आहे. वाटणीतून आलेली वर्षाची रक्कम, आपल्या उदाहरणात २.१० लाख, ही मुदतवाढीच्या वर्षाच्या दराशेजारी ठेवायची. सवलतीचे १० टक्के आणि यंत्राच्या वयाचा फरक यांनी दोन्हींतले अंतर सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर गट चुकले आहेत.

जीएसटीचे बिल या वादात वारंवार पुरावा म्हणून पुढे केले जाते. बिलावर एकच ओळ आहे, यंत्र, ३६ लाख, म्हणून महसूलही एका ओळीत. कर कायद्याने पुरवठ्याचे वर्गीकरण कसे करावे हा स्वतंत्र विषय आहे, त्याची कलमे आणि त्याचे हेतू वेगळे आहेत. बिलाची मांडणी लेखा मानकाला बांधत नाही. मात्र त्यामुळे बिलाचा आकडा आणि महसुलाचा आकडा यांचा दर महिन्याला मेळ घालणारा तक्ता लेखा विभागाला ठेवावाच लागतो, आणि बहुतेक ठिकाणी घोटाळा तत्त्वात होत नाही, या तक्त्यात होतो.

या रीतीची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. सवलत सुट्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाते, नफ्याच्या प्रमाणात नाही. इन्स्टॉलेशनला प्रत्यक्ष खर्च ९३ हजार येतो असे धरा. वेगळे विकले असते तर त्यात ७ हजार सुटले असते. वाटणीत त्याला ९० हजारच मिळाले, म्हणून त्या ओळीत ३ हजारांचा तोटा दिसतो. कोणी म्हणेल, ही सवलत कंपनीने यंत्राच्या भरपूर नफ्यातून दिली, इन्स्टॉलेशनच्या तुटपुंज्या नफ्यातून नव्हे. धंद्याच्या दृष्टीने हे खरेही असेल. पण नफ्याच्या प्रमाणात वाटायचे तर प्रत्येक वस्तूचा खर्च कसा धरला यावर महसूल ठरू लागेल, आणि खर्चाचे वाटप हे सुट्या किमतीपेक्षाही जास्त वाकवता येणारे शास्त्र आहे. म्हणून मानकाने तो ३ हजारांचा विचित्र तोटा पत्करला. सेवा विभागाच्या प्रमुखाचा बोनस त्या ओळीवरून ठरत असेल, तर त्याचा हिशेब कंपनीने अंतर्गत अहवालात वेगळा मांडावा. त्यासाठी महसुलाची वाटणी हलवू नये.